आईवडिलांच्या आजारपणासाठी काम थांबवताना कॅप्शन कसं लिहावं

आईला किंवा बाबांना मोठं आजारपण आलं आणि तुम्ही काही काळ काम थांबवायचं ठरवलं, की ही गोष्ट चारचौघांना कळवण्याची वेळ येतेच. लिंक्डइनवरची पोस्ट असो, इन्स्टाग्रामच्या फोटोखालच्या ओळी असोत किंवा व्हॉट्सॲपवरचा स्टेटस, मजकूर जेमतेम आठ-दहा ओळींचा असतो. तरीही तो लिहिताना बहुतेकांचा हात अडतो आणि शेवटी जे उतरतं त्यात माफी तरी असते नाहीतर रडणं. हा लेख त्या आठ-दहा ओळींबद्दल आहे. असं काही पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी तो आहे, म्हणून क्रमाने जाऊ.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगते. हे कॅप्शन म्हणजे घेतलेल्या निर्णयाची सूचना असते. त्यातून परवानगी मागायची नसते आणि पटवूनही द्यायचं नसतं. शिवाय निर्णय तुमचा असला तरी आजार तुमचा नाही, तो आईचा किंवा बाबांचा आहे. पुढच्या सगळ्या सूचना या दोन गोष्टींतून निघतात.

पायरी पहिली: लिहिण्याआधी कोणाकोणाशी बोलायचं

सुरुवात ज्यांचं आजारपण आहे त्यांच्यापासून करा. "मी कामावरून थांबतेय हे लोकांना सांगणार आहे, त्यात तुमच्याबद्दल किती लिहू?" हा प्रश्न सरळ विचारा. काही जणांना आजाराचं नाव सांगितलेलं चालतं. काहींना "बरं नाही" एवढंही चारचौघांत नको असतं. आयुष्यभर दुसऱ्यांना आधार दिलेल्या माणसाला आपल्या परावलंबी होण्याची बातमी मुलांच्या ओळखीपाळखीत फिरलेली सहसा आवडत नाही, आणि त्यांचा नकार पुरेसा आहे, कारण विचारत बसू नये.

स्मृतिभ्रंशासारख्या आजारात असं विचारणं शक्य नसतं. अशा वेळी मी एक कसोटी लावते. ते ठणठणीत असताना स्वतःच्या दुखण्याबद्दल शेजाऱ्यांना किती सांगत असत? तेवढंच लिहा, त्याहून जास्त नाही. भावंडं असतील तर मजकूर आधी त्यांना दाखवा. आजाराची बातमी त्यांनाही कुठल्यातरी ओळखीच्याकडून "अरे, वाचलं मी" अशी परत येऊ नये, आणि "मी एकटीच सगळं बघते" असं नकळत सुचवणारी ओळ निघाली असेल तर ती त्यांच्याच नजरेला पहिल्यांदा टोचेल.

मग कामाची बाजू. वरिष्ठ, थेट सोबत काम करणारे सहकारी आणि नेहमीचे ग्राहक यांना पोस्टच्या आधी वेगळं कळलेलं असलं पाहिजे. राजीनामा किंवा रजा लेखी मंजूर होऊन हातात येईपर्यंत काहीही टाकू नका. तोंडी होकारावर पोस्ट टाकली आणि नंतर तारीख बदलली, तर सगळ्यांसमोर खुलासे करत बसावं लागतं.

इथेच एक गोष्ट स्वतःशी पक्की करून घ्या. तुम्ही नेमकं काय केलं आहे? रजा घेतली आहे, राजीनामा दिला आहे, की स्वतःचा व्यवसाय असल्याने नवी कामं घेणं बंद केलं आहे? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि वाचणाऱ्यासाठी त्यांचे अर्थही वेगळे आहेत. रजेवर असताना "नोकरी थांबवली" असं लिहिलं, तर ग्राहक तुम्ही गेलात असं धरून चालतील. राजीनामा देऊन "ब्रेक घेतेय" असं मोघम लिहिलं, तर जुन्या कार्यालयाच्या कामासाठी तुम्हालाच फोन येत राहतील.

पायरी दुसरी: पहिलं वाक्य

सगळा भार या वाक्यावर असतो, म्हणून त्याला वेळ द्या. लिंक्डइनच्या पोस्टला 3000 आणि इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला 2200 अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे जागा भरपूर आहे. पण स्क्रोल करणाऱ्याला आधी फक्त सुरुवातीच्या काही ओळी दिसतात आणि बाकीचं "आणखी वाचा"च्या मागे दडलेलं असतं. पुष्कळ जण तिथूनच पुढे जातात. त्यामुळे निर्णय काय, कशासाठी आणि कधीपासून, या तिन्ही गोष्टी पहिल्याच वाक्यात आल्या पाहिजेत.

"1 एप्रिलपासून मी पूर्ण वेळ बाबांच्या देखभालीसाठी घरी आहे." एवढं पुरतं. नेमकी तारीख आली की वाक्यात आपोआप ठामपणा येतो, कारण तारीख फक्त ठरलेल्या गोष्टीला असते.

आता क्रियापदाकडे बघा. आपल्याकडे अशा मजकुरात "लागणे" फार सहज येतं: थांबावं लागतंय, सोडावी लागली, घ्यावा लागला. प्रत्येक "लागलं" वाचणाऱ्याला सांगतं की हे लादलं गेलं, आणि मग त्याच्या मनात कीव येते किंवा "दुसरा काही मार्ग नव्हता का?" हा प्रश्न येतो. "थांबतेय", "सोडली", "घेतला" असं लिहिलं की करणारे तुम्ही असता. परिस्थितीचा रेटा खरा असतो, मी तो नाकारत नाही. पण तो सोसूनही ठरवलं तुम्हीच आहे आणि वाक्यात तेच दिसावं. मजकूर लिहून झाला की त्यातली "लागणे"ची सगळी रूपं शोधा आणि एकेक बदला. "दुर्दैवाने", "नाइलाजाने", "जड अंतःकरणाने" हे शब्दही त्याच वेळी काढून टाका.

माफीचं तसंच. "टीमला अर्ध्यावर सोडून जातेय, माफ करा" ही ओळ लिहिणाऱ्याला नम्र वाटते. पण वाचणारा त्यातून एवढंच घेतो की हिच्या हातून काहीतरी चुकतंय. सहकाऱ्यांवर खरंच भार पडला असेल, तर त्यांना स्वतंत्र फोन करून आभार माना. ते बोलणं तुमच्यातलं आहे, त्याला प्रेक्षक नको.

माफीच्या विरुद्ध टोकालाही जाऊ नका. "आईवडिलांपेक्षा मोठं काहीच नसतं, हे आजच्या पिढीला कळायला हवं" असं वाक्य आलं की पोस्ट इतरांवर बोट ठेवू लागते. वाचणाऱ्यांमध्ये असेही लोक असतात ज्यांनी कर्जामुळे, अंतरामुळे किंवा लहान मुलांमुळे नोकरी चालू ठेवून आईवडिलांना सांभाळलं. त्यांना दुखवून तुमच्या निर्णयाचं वजन वाढत नाही.

पायरी तिसरी: किती काळ, हे कसं लिहायचं

इथे गडबड होते, कारण लोकांना तारीख हवी असते आणि आपल्यालाही ती देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. पण आजार कसा पुढे जाणार आहे, यावर ही ओळ ठरते. स्थूलमानाने तीन प्रकार धरा.

पहिल्या प्रकारात शेवट साधारण दिसत असतो, जसं मांडीचं हाड मोडल्यावरची किंवा गुडघा बदलल्यानंतरची शस्त्रक्रिया. इथे "तीन महिन्यांच्या रजेवर आहे" असं लिहिता येतं, कारण डॉक्टरांनीही तसाच अंदाज दिलेला असतो.

दुसऱ्या प्रकारात सुधारणा होते, पण कुठवर होईल हे आधी सांगता येत नाही. पक्षाघात याचं नेहमीचं उदाहरण. त्यातली मोठी सुधारणा साधारणपणे पहिल्या काही महिन्यांत दिसते आणि नंतर ती सावकाश होत जाते. म्हणून "पुढचे काही महिने महत्त्वाचे आहेत" हे खरं आहे आणि पुरेसंही आहे. परतण्याची तारीख मात्र देऊ नका.

तिसऱ्या प्रकारात आजार वाढतच जातो. अल्झायमर, पुढच्या टप्प्यातला पार्किन्सन्स, पसरलेला कर्करोग. इथे काळाचा उल्लेखच न करणं बरं. "सध्या" हा एक शब्द सगळं काम करतो: "सध्या मी पूर्ण वेळ आईसोबत आहे."

तिन्ही प्रकारांत एक वाक्य टाळाच: "लवकरच ते ठणठणीत होतील आणि मी परत येईन." बरं होण्याचं वचन तुमच्या हातात नसतं. शिवाय त्या वाक्यामुळे सहा महिन्यांनी "काय, बरे झाले का?" असे मेसेज सुरू होतात आणि प्रत्येकाला नव्याने नकार कळवत बसावं लागतं.

पायरी चौथी: आजाराबद्दल किती

आजारी माणसाने होकार दिला असेल तर आजाराचं नाव लिहायला हरकत नाही. त्यापलीकडे मी जाणार नाही. जेवता येत नाही, ओळखत नाहीत, कपडे बदलावे लागतात अशा तपशिलाने वाचणाऱ्याचा जीव हळहळतो खरा, पण ज्या माणसाबद्दल ते लिहिलंय त्याची लाज उघड्यावर येते. आणि एकदा नेटवर गेलेला मजकूर पुसता येईलच असं नाही. उद्या बाबा बरे होऊन फोन हातात घेतील आणि हेच वाचतील, असं धरून लिहा.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. जितकं जास्त लिहाल तितके जास्त उपाय सुचवले जातील. आजाराचं नाव, गोळ्या, डॉक्टरांचं मत, असं सगळं लिहिलंत की खाली काढे, पत्ते आणि "माझ्या मावशीला यानेच गुण आला" यांची रांग लागते. ते लोक मनापासूनच लिहितात. पण त्या दिवसांत पन्नास जणांना नम्रपणे "बघते" म्हणण्याइतकी शक्ती तुमच्याकडे नसते.

पायरी पाचवी: कामाची ओळ

दोन गोष्टी इथे याव्यात: तुम्ही काय काम करत होता आणि ते आता कोणाकडे आहे. ही ओळ पुष्कळ जण गाळतात, कारण घरात आजारपण असताना स्वतःच्या कामाबद्दल बोलणं त्यांना अप्रशस्त वाटतं. पण दोन वर्षांनी तुम्हाला कामावर घेणारा माणूस हीच पोस्ट बघणार आहे. त्याला त्यात "बारा वर्षं अमुक क्षेत्रात, शेवटची चार तमुक कामात" एवढं दिसलं, तर थांबण्याआधी तुम्ही कोण होता ते कळतं. पदव्या आणि पुरस्कारांची यादी नको, एक वाक्य खूप झालं.

थोडं काम घ्यायची तयारी असेल तर ती मर्यादेसह लिहा, जसं "आठवड्यातून एक-दोन तासांचा सल्ला देऊ शकेन". तयारी नसेल तर "कधीही फोन करा" असं सौजन्य म्हणूनही लिहू नका. रात्री दोनदा उठून कूस बदलून देणाऱ्याला सकाळी नऊच्या मीटिंगचा आग्रह झेपत नाही, आणि मग नाही म्हणताना पुन्हा तीच अपराधी भावना मागे लागते.

एक मसुदा उलगडून पाहू

समजा, एक बाई प्रकल्प व्यवस्थापक आहे, बारा वर्षांच्या अनुभवाची. वडिलांना पक्षाघात झाला, उजवी बाजू अधू झाली आणि बोलणंही गेलं. दिवसातून दोनदा व्यायाम, वाचा-उपचार, भरवताना ठसका लागणार नाही याकडे लक्ष, उठवणं-बसवणं हे सगळं आता रोजचं. भाऊ दुसरीकडे राहतो आणि खर्च उचलतो. तिने राजीनामा दिला आणि 31 मार्च हा तिचा शेवटचा दिवस होता. तिच्या हातून पहिल्यांदा असं उतरेल:

> अतिशय जड अंतःकरणाने सांगावं लागतंय की बारा वर्षांच्या सुंदर प्रवासानंतर मला माझ्या करिअरला पूर्णविराम द्यावा लागत आहे. माझ्या बाबांना पक्षाघात झाला असून त्यांची उजवी बाजू पूर्ण गेली आहे. त्यांना धड बोलता येत नाही, स्वतःच्या हाताने जेवताही येत नाही. माझ्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. माझ्या टीमला अर्ध्यावर सोडताना खूप अपराधी वाटतंय, सगळ्यांची मनापासून माफी मागते. पण शेवटी आईवडिलांपेक्षा मोठं काहीच नसतं. बाबा लवकरच ठणठणीत होतील आणि मी पुन्हा जोमाने परत येईन. तुमचे आशीर्वाद असू द्या.

हे प्रामाणिक आहे आणि ते दुःखही खरं आहे. पण वाक्यावाक्याने बघा. पहिल्या वाक्यात "लागणे" दोनदा आलंय आणि "पूर्णविराम"सुद्धा. ती थांबली आहे, तिचं करिअर संपलेलं नाही. नोकरी देणारा "पूर्णविराम" शब्दशः घेईल. तारीख कुठेच नाही. दुसरं-तिसरं वाक्य बाबांच्या शरीराबद्दल आहे आणि त्यांना बोलता येत नसल्याने त्यांची संमती घेतली असण्याची शक्यता कमी. खरं तर वाचा गेलेल्या पुष्कळ रुग्णांना समोरच्याचं बोलणं बऱ्यापैकी समजतं आणि मान हलवून किंवा हाताच्या खुणेने हो-नाही सांगता येतं. म्हणून विचारायचं टाळू नये. "दुसरा पर्यायच नव्हता" हे बहुधा खरंही नसतं. पूर्ण वेळ मदतनीस ठेवणं किंवा भावाकडे नेणं हेही मार्ग होते. तिने विचार करून त्यातला एक निवडला, आणि ते लपवण्यासारखं नाही. पुढे माफी, मग इतरांना टोचणारी ओळ, मग न देता येणारं वचन. आणि इतक्या ओळींत तिने काय काम केलं ते मात्र आलेलंच नाही.

आता तोच मजकूर पुन्हा लिहिला तर:

> 1 एप्रिलपासून मी पूर्ण वेळ बाबांच्या देखभालीसाठी घरी आहे. त्यासाठी नोकरीचा राजीनामा दिला असून 31 मार्च हा कामाचा शेवटचा दिवस होता.
>
> बाबा मोठ्या आजारातून सावरत आहेत आणि पुढचे काही महिने त्यांच्यासाठी महत्त्वाचे आहेत. हा वेळ मला त्यांच्यासोबत घालवायचा आहे.
>
> गेली बारा वर्षं मी प्रकल्प व्यवस्थापनात काम केलं, त्यातली शेवटची चार गोदामांच्या संगणकप्रणाली उभारण्यात. हातातलं काम सहकाऱ्यांकडे सोपवून झालं आहे. पुन्हा काम सुरू करेन तेव्हा इथे कळवेन.
>
> बाबांच्या तब्येतीबद्दल इथे लिहिणार नाही. माझ्याशी बोलायचं असेल तर मेसेज करा. उत्तर यायला वेळ लागेल, पण येईल.

"मला त्यांच्यासोबत घालवायचा आहे" या वाक्याकडे लक्ष द्या. संपूर्ण मजकुरात भावना इथेच उघड आली आहे आणि ती इच्छेच्या रूपात आली आहे. तेवढी असू द्या. सगळ्या भावना पुसून टाकल्या तर मजकूर कार्यालयीन परिपत्रकासारखा कोरडा होतो आणि जवळच्यांना तो परका वाटतो. "बाबांच्या तब्येतीबद्दल इथे लिहिणार नाही" ही ओळ काहींना रोखठोक वाटेल. मला ती आवश्यक वाटते, कारण ती आधीच सांगितली की पुढे कोणाला गप्प करावं लागत नाही.

मुलगा लिहीत असेल तर मजकूर हाच राहील. पुरुषांना मात्र एक वेगळाच मोह होतो: सोबत "काही नव्या कल्पनांवरही काम करतोय" असं जोडण्याचा, म्हणजे नुसता घरी बसलोय असं दिसू नये म्हणून. खरंच काही करत असाल तर लिहा. नसाल तर देखभाल हेच पूर्ण वेळाचं काम आहे, त्याला दुसऱ्या कामाचा टेकू देऊ नका.

लहान जागेसाठी

व्हॉट्सॲपच्या "माझ्याबद्दल"मध्ये 139 आणि एक्सच्या साध्या पोस्टमध्ये 280 चिन्हं बसतात. देवनागरीत मोजताना एक अडचण येते. काना, मात्रा, अनुस्वार, पायमोडका हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "शुश्रूषा" डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, मोजणीत मात्र आठ होतात. त्यामुळे जोडाक्षरांचे भारदस्त शब्द जागा खातात आणि साधे शब्द इथे दुहेरी कामाचे ठरतात. "सध्या पूर्ण वेळ आईसोबत. कामासाठी ईमेल करा, उत्तर उशिरा येईल." हे 139 मध्ये सहज बसतं.

मराठी आणि इंग्रजी वाचणारे दोन्ही असतील तर एकाच परिच्छेदात खिचडी करू नका. पूर्ण मजकूर एका भाषेत, मग एक ओळ सोडून पूर्ण मजकूर दुसऱ्या भाषेत.

फोटो

फोटो टाकलाच पाहिजे असं नाही. टाकायचा असेल तर दवाखान्यातला नको. नळ्या आणि खाटेचा प्रश्न आहेच, पण मनगटावरच्या पट्टीवर, खाटेजवळच्या फलकावर किंवा टेबलावरच्या फाइलवर नाव, वय, नोंदणी क्रमांक दिसतो आणि फोटो मोठा करून तो वाचता येतो. आजारी माणसाचे फोटो उचलून त्यांच्या नावाने खोटी मदत मागणारे लोकही आहेत. चांगल्या काळातला दोघांचा एखादा फोटो घ्या किंवा नुसताच मजकूर ठेवा. घराचा पत्ता, मदतनीस कधी येतात-जातात, आई घरी एकटी कधी असते, यातलं काहीही मजकुरात किंवा फोटोत येऊ देऊ नका.

प्रतिक्रिया

पोस्ट टाकण्याआधीच दोन-तीन उत्तरं लिहून ठेवा, म्हणजे त्या क्षणी चिडून किंवा थकून काहीतरी लिहिलं जाणार नाही. शुभेच्छांना "आभारी आहे" पुरतं आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्याची गरज नाही. उपाय सुचवणाऱ्यांना: "डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, काळजीबद्दल आभार." आणि काही प्रश्न हमखास येतात. "भाऊ नाही का?", "घरी बाई ठेवता आली असती", "बायको बघत नाही का?", "इतकी चांगली नोकरी सोडली?" या सगळ्यांना एकच उत्तर द्या: "घरात सगळ्यांनी विचार करून ठरवलं आहे." त्यापुढे एक शब्दही नको. एकाला कारण दिलं की दुसरा त्या कारणावर वाद घालतो. फारच त्रास झाला तर लिंक्डइन आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे पोस्टखालच्या प्रतिक्रिया बंद करता येतात.

पोस्ट टाकायची वेळही विचारपूर्वक निवडा. तपासणीचा अहवाल आला त्या रात्री किंवा दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी लिहिलेला मजकूर जपून ठेवा, पण टाकू नका. दोन-तीन दिवसांनी झोप झाल्यावर मोठ्याने वाचा. वाचताना कुठे गळा दाटला तर ती ओळ बहुधा चांगली आहे. कुठे आवाज खाली गेला, तर तिथे माफी लपली आहे का ते बघा.

प्रोफाइलमधली नोंद

पोस्ट चार दिवसांत खाली जाते, प्रोफाइल मात्र राहतं. लिंक्डइनने 2022 पासून कामातल्या खंडाची नोंद अनुभवाच्या यादीतच करण्याची सोय दिली आहे. आपल्या प्रोफाइलवर `Add profile section` मध्ये जाऊन `Add career break` निवडा आणि प्रकार विचारला की `Caregiving` घ्या. सुरुवातीचा महिना आणि वर्ष भरा, शेवट मोकळा ठेवा. वर्णनात एकच वाक्य: "पालकांच्या पूर्ण वेळ देखभालीसाठी." आजाराचं नाव इथे नकोच, कारण ही नोंद अनोळखी भरती करणारेही वाचतात.

ती नोंद करताना नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद आहे ना ते तपासा, नाहीतर तुमच्या नीट लिहिलेल्या मजकुराच्या आधीच एक यांत्रिक सूचना सगळ्यांना पोहोचेल. आधीच्या नोकरीची शेवटची तारीखही त्याच वेळी भरा. ती राहिली तर तुम्ही अजून तिथेच आहात असं दिसतं आणि मागच्या कार्यालयालाही ते अडचणीचं ठरतं.

परिस्थिती बदलली की मूळ पोस्ट दुरुस्त करत बसू नका. परतताना नवी पोस्ट लिहा आणि प्रोफाइलमधल्या नोंदीला शेवटचा महिना भरा. पालक गेले तर कोणालाही काही कळवण्याची घाई नाही. जुन्या पोस्टवरच्या प्रतिक्रिया बंद करा, म्हणजे तब्येतीची चौकशी करणारे नवे संदेश तिथे येत राहणार नाहीत, आणि जवळच्या एखाद्या मित्राला किंवा भावंडाला मेसेजची उत्तरं द्यायला सांगा. प्रोफाइलमधली तारीख नंतर सवडीने भरली तरी चालते.